मावशी आधी हसते आणि मला सीन नंतर दिसतो: परदेशातल्या माणसासोबत सिनेमा बघताना दर वेळी होणारा घोळ

माझी मावशी युरोपात असते आणि आम्ही दोघी महिन्यातून दोनदा एकत्र सिनेमा बघतो, म्हणजे ती तिच्या घरी टीव्हीवर, मी माझ्या घरी लॅपटॉपवर आणि मधे फोनवर व्हिडिओ कॉल चालू. दोन वर्षं झाली आता. सुरुवातीला दर वेळी एकच तक्रार असायची, एक दोन तीन म्हणून दोघींनी प्ले दाबलं तरी अर्ध्या तासात ती पुढे गेलेली असायची, मी नायिका दार उघडतेय तिथे असायची आणि मावशी पलीकडून "अगं बाई, हा इथे कसा आला!" म्हणून मोकळी. मग थांबव, मागे ने, परत एक दोन तीन, परत वीस मिनिटांनी तेच. त्याच्याही आधी कुठला सिनेमा बघायचा यावर पाऊण तास गेलेला असायचा आणि शेवटी तिला झोप यायला लागायची.

मला आता असं पक्कं वाटतं की हे दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीतच. सिनेमा ठरवणं आणि प्ले जुळवणं हे एकच काम आहे, कारण पुढे-मागे होण्याचं निम्मं कारण सिनेमा ठरवतानाच तयार झालेलं असतं, दोघांकडे नाव एकच असतं पण आवृत्ती वेगळी असते. म्हणून कुणाचा असाच घोळ होत असेल तर नेटला शिव्या द्यायच्या आधी एक गोष्ट करा: दोघांनी आपापल्याकडे सिनेमा उघडून त्याची एकूण लांबी एकमेकांना वाचून दाखवा, तास, मिनिटं आणि जमलं तर सेकंदसुद्धा. सिनेमाच्या माहितीत नुसती मिनिटं देतात तो आकडा नको, कारण तो कधी कधी दुसऱ्याच आवृत्तीचा असतो, प्रत्यक्ष प्ले केल्यावर खालच्या पट्टीवर जो दिसतो तो घ्या. काही ॲपमध्ये तिथे फक्त उरलेला वेळ दिसतो, मग अगदी सुरुवातीला नेऊन बघायचं, तीच लांबी.

या एका आकड्यावरून पुढचं जवळजवळ सगळं कळतं.

दोघांच्या लांबीत पाच-पंचवीस सेकंदांचा फरक असेल तर तो बहुतेक सुरुवातीचा असतो. एखाद्या सेवेचा स्वतःचा लोगो आधी लागतो, कुठे त्या देशाच्या नियमाप्रमाणे सूचना दाखवतात, कुठे शेवटची नामावली जरा लवकर कापलेली असते. हे अगदीच निरुपद्रवी आहे, एकदा जुळवलं की शेवटपर्यंत जुळलेलं राहतं, फक्त सुरुवातीच्या शून्यावरून एकत्र प्ले दाबायचं नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

फरक दोन-चार मिनिटं किंवा त्याहून जास्त असेल तर कुठेतरी कापाकापी आहे. जुन्या गाण्यांच्या सिनेमांत हे फार होतं, एका आवृत्तीत एखादं अख्खं गाणं नसतं, किंवा मारामारीचा सीन छोटा केलेला असतो, आणि कधी उलट, एकाकडे नंतर वाढवलेली लांब आवृत्ती असते. याची खूण अशी की बराच वेळ सगळं नीट चालतं आणि मग एकाच ठिकाणी एकदम तीन-चार मिनिटांचा धक्का बसतो, एकीकडे गाणं सुरू होतं आणि दुसरीकडे डायरेक्ट सकाळ झालेली असते. इथे काही दुरुस्त करायचं नसतं, ज्याच्याकडे गाणं नाही त्याने थांबायचं, ज्याच्याकडे आहे त्याने बघून घ्यायचं नाहीतर पुढे ढकलायचं. आधीच माहीत असेल तर त्रास होत नाही, माहीत नसेल तर दहा मिनिटं नुसती "तुझ्याकडे काय दिसतंय, नाही, माझ्याकडे ते नाही" यात जातात.

आणि तिसरा प्रकार, ज्यात आम्ही सगळ्यात जास्त हैराण झालो, म्हणजे लांबी साधारण चार टक्क्यांनी वेगळी असणं. हा एकदा नीट समजून घ्या कारण तो दिसतो कापाकापीसारखा आणि असतो वेगळाच.

झालं असं की मावशीला तिच्या तरुणपणी बघितलेला एक जुना सिनेमा परत बघायचा होता, तिच्याकडे त्याची तिकडेच घेतलेली जुनी डीव्हीडी होती आणि मला तो इथे ऑनलाइन भाड्याने मिळाला. माझ्याकडे लांबी २ तास १२ मिनिटं. तिच्या डीव्हीडीवर २ तास ६ मिनिटं ३६ सेकंद. मी म्हटलं साडेपाच मिनिटं कमी आहेत म्हणजे एखादं गाणं कापलेलं असणार, आलं की बघू. सुरुवात अगदी एका फ्रेमवर जुळवली. दहा मिनिटांनी मावशी जवळजवळ पंचवीस सेकंद पुढे. मी म्हटलं माझं नेट असेल. तिने थांबून घेतलं, परत जुळलो, परत दहा मिनिटांनी पंचवीस सेकंद. आणि गंमत म्हणजे एकही सीन कापलेला नव्हता, प्रत्येक वाक्य दोघींकडे होतं, फक्त तिच्याकडे ते लवकर संपत होतं.

मग मी वही घेतली आणि आम्ही तीन ठिकाणी वेळा लिहून काढल्या. नामावली संपून पहिला सीन सुरू होतो तो क्षण शून्य धरला. टेलिफोन वाजतो तो सीन तिच्या घड्याळात २० मिनिटांवर, माझ्या घड्याळात २० मिनिटं ५१ सेकंदांवर. पुढे स्टेशनवर गाडी येते तो तिच्याकडे ४० मिनिटांवर आणि माझ्याकडे ४१ मिनिटं ४२ सेकंदांवर. म्हणजे फरक वेळेच्या प्रमाणात वाढत होता, वीस मिनिटांत ५१ सेकंद, चाळीस मिनिटांत त्याच्या दुप्पट. कापाकापीत असं होत नाही, तिथे फरक एकदम उडी मारतो आणि मग तिथेच थांबतो. हळूहळू एकसारखा वाढतोय याचा अर्थ एकच, तिच्याकडे सिनेमाच थोडा वेगात चाललाय.

आणि तसंच असतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी शूट होतो. युरोपात आणि आशिया-आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत टीव्हीची पद्धत सेकंदाला २५ चित्रांची होती, पाल म्हणतात ती. तिथल्या टीव्हीसाठी आणि डीव्हीडीसाठी सिनेमा तयार करताना सोपा मार्ग म्हणून तीच २४ चित्रं २५ च्या वेगाने चालवतात, त्यामुळे सिनेमा साधारण चार टक्के जलद होतो आणि दोन तासांचा सिनेमा पाच मिनिटं आधी संपतो. बघणाऱ्याला एरवी काहीच कळत नाही, आवाज किंचित बारीक होतो इतकंच. पण शेजारी दुसरा माणूस २४ ची आवृत्ती बघत असेल तर दर मिनिटाला अडीच सेकंदांची तूट पडत जाते. आताच्या ऑनलाइन आवृत्त्या बहुतेक २४ च्या असतात, पण टीव्हीसाठी तयार केलेली जुनी प्रत जशीच्या तशी ऑनलाइन टाकलेली असेल तर तिथेही हे होऊ शकतं, म्हणून डीव्हीडी नाही म्हणजे प्रश्न नाही असं समजू नका.

ओळखायचं कसं, तर भागाकार करा. कमी लांबीला जास्त लांबीने भागा. आमच्याकडे १२६.६ भागिले १३२, उत्तर ०.९५९. उत्तर ०.९६ च्या आसपास आलं तर जवळजवळ नक्की हाच प्रकार. ०.९८ किंवा ०.९३ असं काही आलं तर कापाकापी समजा. पण नुसत्या भागाकारावर जाऊ नका, योगायोगानेही तेवढी कापाकापी असू शकते, सिनेमातले दोन ठळक क्षण घेऊन वर सांगितलं तसा फरक बघा, दुप्पट वेळेत दुप्पट फरक असेल तर शंका नको.

यावर उपाय तीन. सगळ्यात बरा म्हणजे दोघांनी सारखी आवृत्ती घेणं, ती मिळत असेल तर बाकी काही करू नका. दुसरा, ज्याच्याकडे जलद आवृत्ती आहे त्याने ती हळू चालवायची, पण टीव्हीला जोडलेल्या डीव्हीडी प्लेअरवर किंवा ऑनलाइन ॲपवर हे सहसा जमत नाही, तिथे वेग एकदम पाव पटीने कमी-जास्त होतो आणि आपल्याला हवाय चार टक्के. कॉम्प्युटरवर व्हिडिओ चालवायच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये मात्र जमतं. आमच्याकडे मावसभावाने मावशीच्या लॅपटॉपला बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडला, लॅपटॉप टीव्हीला केबलने लावला आणि व्हीएलसी कमांड देऊन उघडलं:

```
vlc --rate=0.959
```

नंतर त्यातून डिस्क उघडायची. ही कमांड टर्मिनलमध्ये चालली नाही तर व्हीएलसी जिथे इन्स्टॉल आहे त्या फोल्डरमध्ये जाऊन द्यावी लागते. कमांड वगैरे नको असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात `1.00x` असं दिसतं त्यावर क्लिक करून पट्टी सरकवता येते. तिथे ०.९६ वर आणलं तरी चालतं, फक्त ऑनलाइन २४ वाली आवृत्ती बहुतेक वेळा खरं तर २३.९७६ ची असते म्हणून ०.९६ वर दर सतरा मिनिटांना साधारण एका सेकंदाचा फरक परत पडतो, तो मधल्या ब्रेकमध्ये भरून काढता येतो. आवाजाची काळजी करू नका, व्हीएलसी वेग बदलला तरी आवाजाची पट्टी सांभाळतं, मावशीला तर काही बदललंय हे कळलंही नाही.

तिसरा उपाय अगदी साधा, काहीच सेटिंग नाही, पुढे असणाऱ्याने दर वीस मिनिटांनी ५० सेकंद थांबायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण सीन बदलतो तिथे थांबवलं तर तेवढ्यात बोलणं होतं, पाणी पिऊन होतं. मात्र मधल्या वेळात दोघांमध्ये पाऊण मिनिटापर्यंत अंतर पडतंच, त्यामुळे रहस्यपट असेल तर हा उपाय नको.

आता बरेच जण म्हणतील की टेलीपार्टी किंवा सिंकप्ले वापरलं की हे सगळं आपोआप होतं. अर्धं खरं आहे. दोघेही कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर बघत असतील आणि दोघांकडे त्या सेवेचं आपापलं सबस्क्रिप्शन असेल तर टेलीपार्टीचं एक्स्टेंशन छान चालतं, एकाने थांबवलं की दुसऱ्याकडेही थांबतं. दोघांकडे ॲपलची डिव्हाइस असतील तर फेसटाइमवर शेअरप्ले आहे, तिथेही सिनेमा दोघांच्या देशात उपलब्ध असावा लागतो आणि ॲपने ती सोय दिलेली असावी लागते. स्वतःच्या फाइल असतील तर सिंकप्ले आहे, ते व्हीएलसीबरोबर चालतं आणि दोघांच्या फाइलचं नाव, साइज किंवा लांबी वेगळी असेल तर तसं सांगतं, ती सूचना बंद करून पुढे जाऊ नका. कारण हे सगळं घड्याळ जुळवतं, चित्र नाही. आमच्या उदाहरणात मावशीचं घड्याळ ४० मिनिटांवर आणि माझंही बरोब्बर ४० मिनिटांवर आणून ठेवलं असतं, दोन्ही पडद्यांवर हिरवं सगळं, आणि तिच्याकडे गाडी स्टेशनात आलेली, माझ्याकडे ती यायला अजून पावणेदोन मिनिटं बाकी. मग आपण नेट तपासत बसतो. म्हणून साधन कुठलंही असो, लांबी आधी.

स्क्रीन शेअर करून बघायचा प्रयत्नही आम्ही केला होता. पैसे देऊन बघायच्या बहुतेक सेवांवर समोरच्याला चित्राच्या जागी काळा चौकोन दिसतो, आवाज कधी येतो कधी नाही, ते कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम केलेलं असतं, तुमच्या कॉम्प्युटरची चूक नसते. त्याच्या सेटिंगमध्ये तास घालवू नका.

आमच्यासारखं एकीकडे टीव्ही आणि एकीकडे लॅपटॉप असेल तर हातानेच जुळवावं लागतं, आणि ते जमतं, फक्त एक दोन तीन म्हणून शून्यापासून सुरू करायचं नाही. दोघांचा लोगो वेगळा, दोघांचं लोडिंग वेगळं, टीव्हीच्या रिमोटला कधी कधी एक सेकंद जास्त लागतो. त्याऐवजी पहिला ठळक बदल पकडा, म्हणजे काळा पडदा जाऊन पहिलं चित्र येतं किंवा सिनेमाचं नाव येतं तो क्षण, तिथे दोघांनी थांबवायचं आणि पडद्यावर काय दिसतंय ते एकमेकांना सांगायचं. "नाव पूर्ण आलंय, खाली अजून काही नाही." "माझ्याकडे पण." मग प्ले. मिनिट-सेकंद सांगून तिथे उडी मारू नका, कारण उडी मारली की बरेच प्लेअर सांगितलेल्या सेकंदावर न थांबता जवळच्या सोयीच्या जागी थांबतात आणि तिथेच तीन-चार सेकंदांचा फरक पडतो.

जुळलंय की नाही हे तपासायची आमची एक पद्धत आहे आणि ती मला फार आवडते कारण तिला काहीच लागत नाही. पडद्यावर दार आपटतं, कप खाली ठेवला जातो, असा एक नेमका क्षण दिसला की दोघींनी "आता" म्हणायचं. कॉलवर आवाज पोचायला थोडा वेळ लागतोच, समजा पाव ते अर्धा सेकंद. त्यामुळे आपण अगदी जुळलेलो असलो तरी मला मावशीचा "आता" माझ्यानंतर जरासा उशिरा ऐकू येतो, आणि तिलाही माझा तिच्यानंतर तेवढाच उशिरा. हे डोक्यात ठेवा: दोघांनाही समोरचा सारखाच उशिरा वाटत असेल तर तुम्ही जुळलेले आहात. आम्ही आधी इथेच चुकायचो, मला ती मागे वाटायची म्हणून मी थांबवायची, मग तिला मी फारच मागे वाटायची म्हणून ती थांबवायची, आणि नीट जुळलेलं आम्ही दोघी मिळून बिघडवायचो. समोरच्याचा "आता" माझ्या आधी ऐकू आला तरच तो नक्की पुढे आहे. आणि मला तिचा "आता" लगेच, पण तिला माझा दोन सेकंदांनी ऐकू येत असेल तर ती साधारण एक सेकंदाने पुढे, म्हणजे दोन्ही उशिरांमधला जो फरक त्याच्या निम्मं. सिनेमाचा आवाजच कॉलवर ऐकून जुळवायला जाऊ नका, कॉलचं ॲप मागचा आवाज दाबून टाकतं त्यामुळे संगीत तुटक येतं आणि काही कळत नाही. त्याच कारणासाठी निदान एकाने तरी हेडफोन लावावा, नाहीतर तिच्या टीव्हीवरचा संवाद तिच्या फोनमधून परत माझ्या कानात येतो.

दुरुस्त करायचं तेव्हा नियम एकच, जो पुढे आहे त्याने थांबायचं. मागे असलेल्याने पुढे उडी मारायची नाही, कारण उडी मारली की परत लोड व्हायला वेळ लागतो आणि तो किती लागेल हे कुणालाच माहीत नसतं. पुढच्याने थांबवून ठेवायचं, मागचा त्याच चित्रावर आला की "आता" म्हणेल, मग सोडायचं. आणि एका सेकंदाच्या फरकासाठी थांबू नका. एकत्र हसायला एक-दीड सेकंद चालतो, पाच सेकंद झाले की मजा जाते, हे माझं मत.

मधूनच अंतर पडतं, कधी पडतं कधी नाही, आणि त्या वेळी कुणाच्या तरी पडद्यावर गोल फिरत होतं, तर ते मात्र नेटचं. तिथे चित्राची क्वालिटी एक पायरी खाली आणा आणि कॉलचा व्हिडिओ बंद करून फक्त आवाज ठेवा, आमच्याकडे यानेच बहुतेक वेळा भागतं. एकाच्या प्लॅनमध्ये जाहिराती असतील तर त्या मधे येणारच, त्याने "जाहिरात" एवढं म्हणायचं आणि दुसऱ्याने थांबवायचं, त्यावर दुसरा इलाज नाही.

आता सिनेमा ठरवण्याचं. इथे आमची चूक ही होती की आम्ही आपापल्या ॲपमध्ये शोधायचो. एकाच सेवेचं सबस्क्रिप्शन दोघींकडे असलं तरी सिनेमे देशानुसार वेगळे असतात, कारण दाखवायचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे मला समोर दिसणारा सिनेमा तिच्याकडे शोधूनही सापडत नाही आणि तिला वाटायचं तिलाच शोधता येत नाहीये. बिचारी एकेक अक्षर रिमोटने टाकायची. कुठला सिनेमा कुठल्या सेवेवर आहे हे सांगणाऱ्या जस्टवॉच साइटवर देश बदलून बघता येतं, एकदा तिचा देश टाकायचा, एकदा माझा, दोन्हीकडे असेल तरच नाव पुढे करायचं. तिथली माहितीही कधी जुनी असते म्हणून शेवटी प्रत्यक्ष उघडून बघायचंच, जे आपण लांबीसाठी तसंही करतोय. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचं दाखवायचं असं काही जण सुचवतात, मी त्या वाटेला जात नाही, बऱ्याच सेवांच्या नियमांत ते बसत नाही आणि ऐन वेळी चालायचं बंद झालं तर संध्याकाळ गेली.

कुणी ठरवायचं, तर आम्ही असं करतो: एका वेळी एकीची पाळी. जिची पाळी ती आदल्या दिवशी तीन नावं पाठवते, तिन्ही दोन्हीकडे मिळतात हे बघूनच. दुसरी त्यातलं एक निवडते, कारण द्यायचं नाही आणि मागायचं नाही. तिन्ही नकोच असतील तर एकदा नाही म्हणता येतं, मग परत तीन. पुढच्या वेळी उलट. पाच-सहा नावं पाठवली की परत चर्चा सुरू होते, दोन पाठवली की दुसरीला जबरदस्ती वाटते, तीनवर आम्ही टिकलो. मावशीने एकदा मला सरळ सांगितलं, "तू मला विचारतेस ना की कुठला बघूया, तेव्हा मला काही सुचतच नाही. तू तीन दिलेस की मला लगेच कळतं कुठला नकोय." मला ते तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, इतके दिवस मी तिला काहीच आवडत नाही असं समजत होते.

नाव पाठवताना नुसतं नाव नको. साल आणि मुख्य नट लिहा, एकाच नावाचे दोन-तीन सिनेमे असतात आणि रिमेक वेगळेच, आम्ही एकदा चक्क दहा मिनिटं दोन वेगळे सिनेमे बघत होतो आणि दोन्हीत सुरुवातीला पाऊस होता म्हणून कळलं नाही. भाषा कुठली चालू आहे तेही विचारा, एकाकडे मूळ आवाज आणि दुसऱ्याकडे डब केलेला असेल तर चित्र जुळतं पण एकत्र बघितल्यासारखं वाटत नाही. सबटायटल लागणार असतील तर ती दोन्हीकडे आहेत का हे आधीच लावून बघा, मावशीचा नातू बसणार असेल तेव्हा त्याला ती लागतातच.

आणि वेळ ठरवताना सिनेमाच्या लांबीत निदान अर्धा तास जास्त धरा. आमचा तो २ तास १२ मिनिटांचा सिनेमा थांबत बोलत पावणेतीन तासांवर गेला. ज्याच्याकडे रात्र आहे त्याची झोपायची वेळ आधी विचारा आणि तिथून उलट मोजा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ एका तासाने बदलतं, त्या आठवड्यात वेळ परत विचारून घ्या, आम्ही त्यात एकदा एक तास एकमेकींची वाट बघत बसलो होतो.

तर आमचा आताचा क्रम असा चालतो. आदल्या रात्री तीन नावं जातात, सकाळपर्यंत एक ठरतं. मग दोघी आपापल्याकडे उघडून लांबी पाठवतो, मावशी टीव्हीच्या पडद्याचा फोटोच काढून पाठवते म्हणजे वाचण्यात चूक नको. मागच्या वेळी तिचा फोटो आला, १ तास ४८ मिनिटं १० सेकंद, माझ्याकडे १ तास ४८ मिनिटं २२ सेकंद. बारा सेकंद, म्हणजे लोगोच असणार. संध्याकाळी नाव येतं तिथे थांबवलं, सोडलं, पहिलं दार आपटलं तेव्हा दोघी "आता" म्हणालो, दोघींना दुसरी जराशी उशिरा वाटली. त्यानंतर मधल्या ब्रेकपर्यंत आम्हाला हात लावावा लागला नाही, आणि नायिकेने पत्र फाडलं तेव्हा मावशी आणि मी एकदमच "अरे देवा" म्हणालो.